शंभराचा रोखा एक्क्याण्णवला

‘६.१० टक्के जीएस २०३१’ हे भारत सरकारच्या एका कर्जरोख्याचं नाव. महत्त्वाचा बराचसा तपशील नावातच आहे. हा रोखा १२ जुलै २०२१ रोजी निघाला. १२ जुलै २०३१ रोजी सरकार त्याची दर्शनी किंमत, म्हणजे शंभर रुपये, परत करणार. तोवर दर वर्षी १२ जानेवारीला आणि १२ जुलैला प्रत्येकी ३.०५ रुपये व्याज मिळणार. या व्याजाला बाजारात कूपन म्हणतात आणि ते शेवटपर्यंत बदलत नाही.

बदलते ती रोख्याची किंमत. रोखा निघाला तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता आणि दहा वर्षांसाठी ६.१० टक्के व्याज बाजाराला पुरेसं वाटत होतं. मे २०२२ मध्ये रेपो ४.४० टक्के झाला, जूनमध्ये ४.९०. सरकारचे नवे रोखे सात टक्क्यांहून जास्त व्याज देऊ लागले. अशा वेळी ६.१० टक्के देणारा जुना रोखा पूर्ण शंभर रुपयांना कोण घेईल? त्याची किंमत खाली आली. म्हणजे ही सवलत सणासुदीच्या सेलसारखी नाही. कमी व्याजाची भरपाई किमतीतून करून दिलेली असते, एवढाच तिचा अर्थ. भरपाई नेमकी किती झाली हे एका आकड्यात सांगणारा दर म्हणजे मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा, बाजाराच्या भाषेत वायटीएम.

असं धरू, की हा रोखा आपण १२ जुलै २०२२ रोजी ९१ रुपयांना घेतला. तारीख मुद्दाम कूपनच्या दिवसाची निवडली आहे, म्हणजे मधल्या दिवसांचा हिशेब तूर्त टळतो. ९१ हा भाव हिशेबासाठी घेतलेला असला, तरी त्या महिन्यांतल्या व्याजदरांना धरून आहे. शिवाय एक सोय आहे: परतफेडीला बरोबर नऊ वर्षं बाकी आहेत आणि सवलतही बरोबर नऊ रुपयांची आहे.

पहिलं उत्तर झटकन सुचतं. ९१ रुपये गुंतवले, वर्षाला ६.१० रुपये मिळतात, म्हणजे ६.७० टक्के. याला चालू परतावा म्हणतात. आकडा चुकीचा नाही, पण अर्धाच आहे, कारण शेवटी मिळणारे जादा नऊ रुपये त्यात धरलेलेच नाहीत.

मग ते धरू. नऊ वर्षांत नऊ रुपये, म्हणजे वर्षाला एक. ६.१० अधिक १ म्हणजे ७.१० रुपये, त्याला ९१ ने भागलं की ७.८० टक्के. अनेक जण इथेच थांबतात आणि खूश होतात. घोटाळा असा, की हा एकेक रुपया दर वर्षी हातात येत नाही. तो रोख्यातच अडकून राहतो आणि नऊच्या नऊ रुपये एकदम २०३१ मध्ये मिळतात. पहिल्या वर्षाचा रुपया मिळवला असं म्हणायचं असेल, तर तो रोख्यातच पुन्हा गुंतवला असंही म्हणावं लागेल. म्हणजे दुसऱ्या वर्षी आपली गुंतवणूक ९२ झाली, तिसऱ्या वर्षी ९३, आणि असं करत ती शंभरापर्यंत जाते. मग भागाकार ९१ ने करून कसं चालेल?

जुन्या पाठ्यपुस्तकांत यावर एक अंदाजी सूत्र असतं. सुरुवातीची गुंतवणूक ९१, शेवटची १००, दोन्हींची सरासरी ९५.५०. वर्षाची ७.१० रुपयांची मिळकत या सरासरीने भागायची. उत्तर येतं ७.४३ टक्के. कागद-पेन्सिलीच्या काळातलं हे सूत्र मला आजही आवडतं. अर्ध्या मिनिटात खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ नेऊन सोडतं आणि संगणकाने काही भलतंच उत्तर दिलं तर ते ताबडतोब लक्षात आणून देतं.

खरं उत्तर मात्र ७.४९ टक्के आहे. ते कसं काढायचं, आणि अंदाजापेक्षा थोडं जास्त का येतं, ते पाहू.

पुढे मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत रुपयापेक्षा कमी असते. सहा महिन्यांचा दर ३.७५ टक्के धरला, तर सहा महिन्यांनी येणारे ३.०५ रुपये आजच्या हिशेबात ३.०५ भागिले १.०३७५, म्हणजे २.९४ रुपये होतात. वर्षाने येणाऱ्या कूपनला १.०३७५ ने दोनदा भागायचं, दीड वर्षाने येणाऱ्याला तीनदा. अठरावं कूपन २०३१ मध्ये येणार. त्याला अठरा वेळा भागलं की आज त्याचे १ रुपया ५७ पैसेच उरतात. परतफेडीच्या शंभर रुपयांनाही अठरा वेळा भागायचं. या सगळ्या रकमांची बेरीज ज्या दराने बरोबर ९१ येईल, तो दर म्हणजे वायटीएम.

अडचण इथेच आहे. दर माहीत असेल तर किंमत काढता येते, पण किंमत माहीत असताना दर सरळ काढून देणारं सूत्र नाही. तो अज्ञात आकडा अठरा कूपनांच्या खाली, दर वेळी वेगळ्या घातात बसलेला असतो. असं समीकरण उलटवून सोडवता येत नाही. एक दर धरायचा, किंमत काढायची, ती ९१ शी ताडून पाहायची आणि दर सुधारून घ्यायचा, एवढाच मार्ग उरतो. बँकांच्या खजिना विभागातले संगणकही हेच करतात, फक्त डोळ्याचं पातं लवायच्या आत.

आपण ते सावकाश करू. अठरा वेळा भागाकार करायची गरज नाही, कारण सारख्या हप्त्यांच्या बेरजेला सोपी वाट आहे. वर्षाला ७.५० टक्के, म्हणजे सहामाही ३.७५ टक्के दर घेतला, तर १.०३७५ चा अठरावा घात १.९३९९ येतो. शंभराला त्याने भागलं की परतफेडीचं आजचं मूल्य ५१.५५ रुपये. कूपनांसाठी १ मधून १ भागिले १.९३९९ वजा करायचं, उरलेल्याला ०.०३७५ ने भागायचं आणि ३.०५ ने गुणायचं. येतात ३९.४१ रुपये. दोन्ही मिळून ९०.९६.

सुरुवातीलाच ७.५० कसं सुचलं? समजा सुचलं नाही. तर ७ आणि ८ हे दोन पूर्णांक घ्यावेत. ७ टक्क्यांना किंमत येते ९४.०६ आणि ८ टक्क्यांना ८७.९७. आपले ९१ रुपये मधोमधच पडतात. दर एका टक्क्याने वाढला की किंमत ६.०९ रुपयांनी उतरते. आपल्याला ९४.०६ वरून ३.०६ रुपये खाली यायचं आहे, म्हणजे साधारण अर्धा टक्का पुढे जायचं. म्हणून ७.५० करून पाहिलं आणि ९०.९६ आले. चार पैसे कमी पडले, अर्थात दर किंचित जास्त धरला गेला. एका टक्क्याला सहा रुपये तर एका टक्क्याच्या शंभराव्या भागाला सहा पैसे. चार पैशांसाठी दर ०.०१ हूनही थोडा कमी उतरवायचा. उत्तर ७.४९ टक्के.

दर आणि किंमत यांचा आलेख सरळ रेषा नसून खाली झुकलेली कमान असते. त्यामुळे दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा धरून काढलेला दर नेहमी किंचित जास्त येतो. म्हणूनच रेषेने ७.५० च्या जरा वरचा दर दाखवला आणि खरा दर जरा खाली निघाला. बिंदू जितके जवळचे, तितकी ही चूक लहान.

आता ७.४३ आणि ७.४९ मधल्या फरकाकडे. पहिल्या सहामाहीत ९१ रुपयांवर ७.४९ टक्क्यांनी ३.४१ रुपये कमाई होते. त्यातले ३.०५ कूपन म्हणून हातात येतात, ३६ पैसे रोख्यात राहतात. गुंतवणूक ९१.३६ होते. पुढच्या सहामाहीची कमाई या वाढलेल्या रकमेवर होते, कूपन मात्र तेवढंच, म्हणून रोख्यात थोडे जास्त पैसे साठतात. शेवटच्या सहामाहीत ६७ पैसे साठतात आणि शंभर पुरे होतात. म्हणजे नऊ रुपये वर्षाला एक अशा सारख्या चालीने साठत नाहीत. आधी हळू, मग वेगाने साठतात. परिणामी गुंतवणूक बराच काळ सरळ रेषेपेक्षा खाली असते, तिची खरी सरासरी ९५.५० पेक्षा कमी भरते आणि तीच ७.१० रुपयांची मिळकत थोड्या कमी रकमेवर मिळाल्यामुळे दर थोडा वर जातो. सवलतीत घेतलेल्या, ठरावीक व्याजाच्या कोणत्याही रोख्याचं हेच आहे: खरा दर अंदाजी सूत्राच्या वर आणि ‘सगळं ९१ ने भागा’ या उत्तराच्या खाली. आपल्या बाबतीत ७.४३ आणि ७.८० यांच्या मध्ये. त्याबाहेरचं उत्तर आलं तर हिशेबात चूक आहे हे नक्की.

एक्सेलमध्ये हे काम एका ओळीत होतं.

```
=YIELD(DATE(2022,7,12),DATE(2031,7,12),6.10%,91,100,2,4)
```

क्रमाने खरेदीची तारीख, परतफेडीची तारीख, कूपन, भाव, परतफेडीची रक्कम, वर्षातली कूपनं, आणि शेवटचा ४ म्हणजे दिवस मोजायची पद्धत: प्रत्येक महिना तीस दिवसांचा, वर्ष ३६० दिवसांचं. भारतातल्या सरकारी रोख्यांचा हिशेब असाच होतो. खरेदीची तारीख म्हणजे पैसे आणि रोखा यांची अदलाबदल होते तो दिवस. सौदा बहुधा आदल्या कामाच्या दिवशी झालेला असतो. तारखा `DATE` वापरूनच द्याव्यात. अमेरिकी मांडणीच्या संगणकावर 12/7/2022 टाइप केलं तर तो ७ डिसेंबर समजतो आणि कुरकुरही करत नाही. गंमत म्हणजे आपल्या उदाहरणात दोन्ही तारखा सारख्याच सरकतात आणि उत्तर तरीही बरोबर येतं. चूक पकडायची तर खरेदीची दुसरी एखादी तारीख घालून पाहावी लागेल.

आणि खरेदी बहुधा दुसऱ्याच कुठल्या तारखेला होते. समजा तोच रोखा, तोच ९१ रुपये भाव, पण खरेदी १२ ऑक्टोबर २०२२ ची. शेवटचं कूपन देऊन तीन महिने झाले. पुढचं जानेवारीतलं कूपन पूर्ण ३.०५ रुपयांचं असेल आणि ते आपल्याला मिळेल, पण त्यातल्या निम्म्या काळात रोखा विकणाऱ्याकडे होता. त्याचा हिस्सा आत्ताच द्यावा लागतो: ६.१० गुणिले ९० भागिले ३६०, म्हणजे १.५२५ रुपये. पडद्यावर भाव ९१ दिसतो, खात्यातून जातात ९२.५२५. दहा हजार दर्शनी किमतीचे रोखे घेतले तर ९,१०० ऐवजी ९,२५२ रुपये ५० पैसे. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यावरून पहिल्यांदा रोखे घेणाऱ्याला हा जादा आकडा दलालीचा वाटण्याची शक्यता आहे. तो साठलेल्या व्याजाचा आहे आणि तीन महिन्यांनी कूपनमधून परत येतो.

हिशेबात बेरजेचं लक्ष्य आता ९१ नाही, ९२.५२५. पहिलं कूपन पूर्ण सहामाहीवर नाही, अर्ध्या सहामाहीवर आहे, म्हणून घात ०.५, १.५, २.५ असे सुरू होऊन १७.५ वर संपतात. हाताने करायचं तर कूपनच्या दिवशीची किंमत काढून तिला अर्ध्या सहामाहीने वाढवावी. ७.५० टक्क्यांना ९०.९६ आली होती. तिला १.०३७५ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.०१८६ ने गुणलं की ९२.६५ येतात. आपण दिले ९२.५२५, जरा कमी, म्हणून दर जरा जास्त: ७.५२ टक्के. भाव तोच असून दर वाढला, कारण तेच नऊ रुपये आता तीन महिने लवकर मिळणार आहेत.

इथली नेहमीची चूक अशी. खात्यातून ९२.५२५ गेले म्हणून एक्सेलमध्येही भावाच्या जागी ९२.५२५ लिहायचे. `YIELD` साठलेलं व्याज आपणहून मिळवतं. त्यामुळे ते दोनदा धरलं जातं आणि उत्तर सव्वासात टक्क्यांच्या आसपास येतं. पाव टक्क्याचा हा फरक डोळ्यांना खटकत नाही, म्हणून ही चूक टिकून राहते. तिथे पडद्यावरचा ९१ हाच भाव द्यायचा असतो.

७.४९ टक्के हा दर सहामाही हिशेबातला आहे. सहा महिन्यांना ३.७५ टक्क्यांहून किंचित कमी, त्याची दुप्पट. व्याजावरचं व्याज धरलं तर वर्षाचा प्रत्यक्ष दर ७.६३ टक्के होतो. बँकेच्या मुदत ठेवीवर बहुधा तिमाही चक्रवाढ असते, म्हणून तिचा जाहीर दर याच्याशी थेट ताडू नये. तिमाही चक्रवाढीने ७.४२ टक्के देणारी ठेव आणि सहामाही ७.४९ टक्क्यांचा रोखा हे दोन्ही सारखेच. करांचं मात्र वेगळं. ठेवीचं व्याज आणि रोख्याचं कूपन दोन्ही दर वर्षी उत्पन्नात धरतात, पण सवलतीचे नऊ रुपये शेवटी भांडवली नफा म्हणून येतात. वायटीएम हे काहीच पाहत नाही, तो करापूर्वीचा दर आहे.

‘वायटीएम मिळायचा असेल तर प्रत्येक कूपन त्याच दराने पुन्हा गुंतवायला हवं’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. मला ते अर्धवट वाटतं. रोख्यात जितकी रक्कम ज्या वेळी अडकलेली असते, तिच्यावर ७.४९ टक्के मिळतातच, कूपनचे पैसे किराण्याला खर्च केले तरी. वर मांडलेला ३६ पैशांचा हिशेब तेच दाखवतो. प्रश्न येतो तो ‘माझ्या ९१ रुपयांचे २०३१ मध्ये एकूण किती होतील’ असं विचारल्यावर. कूपनं ७.४९ टक्क्यांनी गुंतत गेली तर सुमारे १७६ रुपये होतील. तीच बचत खात्यात ३ टक्क्यांवर पडून राहिली तर सुमारे १६२.५० होतील आणि नऊ वर्षांचा एकंदर दर ६.५५ टक्क्यांवर येईल. कूपन जितकं मोठं आणि मुदत जितकी लांब, तितका हा फरक रुंदावतो. सवलतीतल्या रोख्याची कूपनं त्याच्या दराच्या मानाने लहान असतात, कमाईचा काही भाग आपोआप रोख्यातच वाढत असतो, म्हणून इथे ही जोखीम थोडी कमी.

दुसरी अट मात्र नावातच आहे: मुदतपूर्तीपर्यंत. रोखा आधी विकला तर दर विक्रीचा भाव ठरवतो. ७.४९ टक्क्यांच्या चालीने आपली गुंतवणूक दोन वर्षांनी, १२ जुलै २०२४ रोजी, ९२.५२ रुपयांवर पोचलेली असते. त्या दिवशी बरोबर त्या भावाला विकलं तर दोन वर्षांचा दर ७.४९ च भरतो. समजा ९५ मिळाले, तर तो ८.७६ टक्के होतो. आणि भाव जिथल्या तिथे, ९१ वरच राहिला, तर एक पैसाही तोटा न होता हाती ६.७० टक्केच पडतात.